शेअर विकताना विक्रेत्याची जबाबदारी नेमकी कुठे थांबते?

प्रश्न: चाकणला आमची वाहनांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. वडिलांचे 52 टक्के, काकांचे 30, आत्याचे 10 आणि आईचे 8 टक्के शेअर आहेत. एका मोठ्या भारतीय समूहाला सगळे शेअर 60 कोटींना विकायचं ठरलंय, टर्म शीट झाली आहे. आता त्यांच्या वकिलांकडून एसपीएचा, म्हणजे शेअर खरेदी कराराचा, मसुदा आलाय. वॉरंटीची, म्हणजे कंपनीबद्दल आम्ही द्यायच्या हमींची, यादीच 40 पानांची आहे आणि इंडेम्निटीला, म्हणजे खरेदीदाराचं नुकसान भरून देण्याच्या वचनाला, मर्यादाच नाही. आमचे सीए म्हणतात, ‘कॅप 20 टक्क्यांवर आणा, बाकी सगळं स्टँडर्ड असतं.’ तेवढं पुरेसं आहे का?

उत्तर:

नाही. 20 टक्के, म्हणजे 12 कोटी, ही व्यवसायाशी संबंधित वॉरंटींसाठी वाजवी मागणी आहे आणि ती जरूर करा. पण कॅप कुठल्या दाव्यांना लागू होते ते आधी पाहा. खरेदीदाराच्या मसुद्यात ती सहसा फक्त ‘बिझनेस वॉरंटी’ला लागू असते. मालकी हक्क, कर, वेगळ्या परिशिष्टातल्या खास इंडेम्निटी, कराराच्या इतर अटींचा भंग आणि फ्रॉड हे सगळं तिच्या बाहेर ठेवलेलं असतं. शिवाय कॅपच्या आत असलेला दावा किती मोठा होणार, हे ‘लॉस’च्या व्याख्येवर ठरतं. तो कोणाच्या खिशातून जाणार, हे सह्या कशा केल्यात त्यावर ठरतं. घरच्या कंपन्या विकणाऱ्यांचं नुकसान मी या दोन ठिकाणी जास्त होताना पाहिलं आहे, कॅपच्या आकड्यावरून कमी.

एकच दावा घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ. पुढचे आकडे मी गृहीत धरतोय, तुमचे घालून पाहा. कंपनीची उलाढाल 52 कोटी, ईबिट्डा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, साडेसात कोटी, आणि खरेदीदाराने त्याची आठपट करून 60 कोटी किंमत लावली. सगळ्यात मोठा ग्राहक वर्षाला 20 कोटींचा माल घेतो. मार्चमध्ये त्याच्या पर्चेस विभागाने तुमच्या सेल्स मॅनेजरला ईमेल केला: पुढच्या ऑर्डरपासून दर 3 टक्के कमी हवेत. मॅनेजरने तो वडिलांना दाखवला नाही. जूनमध्ये एसपीएवर सह्या झाल्या. त्यात एक वॉरंटी अशी होती की गेल्या बारा महिन्यांत कुठल्याही मोठ्या ग्राहकाने दर कमी करायची मागणी केलेली नाही. ऑगस्टमध्ये क्लोजिंग झालं, म्हणजे शेअर खरेदीदाराच्या नावावर झाले आणि पैसे मिळाले. ऑक्टोबरमध्ये ग्राहकाने नवे दर लावले आणि नोव्हेंबरमध्ये तुम्हाला दाव्याची नोटीस आली.

20 कोटींचे 3 टक्के म्हणजे वर्षाला 60 लाखांचा नफा गेला. खरेदीदार मागणार मात्र 4 कोटी 80 लाख. त्याचा हिशोब सरळ आहे. या नफ्याची आठपट किंमत मी मोजली, तेव्हा तो नफा नव्हताच म्हटल्यावर मला आठपट परत हवेत. मसुद्यातली लॉसची व्याख्या उघडून पाहा. ‘शेअरच्या मूल्यात झालेली घट’ किंवा ‘मल्टिपलवर आधारित नुकसान’ अशा अर्थाचे शब्द तिथे असतील, तर हा हिशोब कराराने आधीच मान्य केलेला आहे. कित्येकदा ‘प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष’ असेही शब्द जोडलेले असतात.

इथे बरेच जण म्हणतात की भारतीय करार कायद्याचं कलम 73 आहेच, त्याने दूरचं आणि अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. करारभंगाच्या भरपाईसाठी ते खरं आहे. पण इंडेम्निटी हे भरपाईहून वेगळं वचन आहे, कलम 124 आणि 125 चं, आणि खरेदीदाराचे वकील हाच युक्तिवाद करतात की त्याला कलम 73 ची मर्यादा लागत नाही. हा वाद लवादासमोर लढवत बसण्यापेक्षा व्याख्येतच लिहून घ्यावं: लॉस म्हणजे प्रत्यक्ष सोसलेलं, थेट नुकसान. मूल्यातली घट, मल्टिपलने केलेला गुणाकार, गेलेली संधी आणि दंडात्मक रक्कम त्यात धरायची नाही.

खरेदीदाराच्या युक्तिवादात तथ्य नाही असं नाही. त्याने खरोखरच आठपट मोजले आहेत, आणि समोरचा वकील कसलेला असेल तर तो सहज सोडणार नाही. अशा वेळी मी एक तडजोड सुचवतो आणि ती बहुतेक वेळा टिकते. ऑडिट केलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाबद्दलची वॉरंटी चुकली, तरच मल्टिपल चालेल, कारण किंमत त्या आकड्यावरून काढली होती. बाकी कुठल्याही वॉरंटीला नाही. आपल्या उदाहरणात हिशेब चुकलेले नव्हते, ग्राहकाची मागणी सांगायची राहिली होती. त्या ग्राहकाच्या चालू रेट काँट्रॅक्टची दोन वर्षं उरली असतील, तर थेट नुकसान 1 कोटी 20 लाख होतं. तीच घटना, तोच पुरावा, आणि दावा एक चतुर्थांश झाला.

आता त्यावर किमान मर्यादा लावू. एका दाव्याची किमान रक्कम किमतीच्या 0.1 टक्का, म्हणजे 6 लाख, आणि सगळ्या दाव्यांची मिळून बास्केट 1 टक्का, म्हणजे 60 लाख. बास्केट दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात एकूण दावे 60 लाखांच्या वर गेले की पहिल्या रुपयापासून सगळी रक्कम द्यावी लागते, म्हणजे पूर्ण 1 कोटी 20 लाख. दुसऱ्या प्रकारात 60 लाख वजा होतात आणि फक्त वरचे 60 लाख द्यावे लागतात. मसुद्यात पहिला प्रकार असणार. तुम्ही दुसरा मागा. फार ताणलं तर मधला मार्ग निघतो, बास्केट ओलांडली की अर्ध्या रकमेपासून देणं लागू होतं. एक बारकावा मात्र पाहा. ‘एकाच कारणातून आलेले दावे एकत्र धरायचे’ असं वाक्य किमान रकमेच्या कलमात असेल तर प्रत्येकी 40 हजारांचे वीस किरकोळ दावे गोळा करून 6 लाखांची पातळी ओलांडता येते. ‘एकच घटना’ आणि ‘एकाच स्वरूपाच्या घटना’ यांत फार अंतर आहे, आणि तुम्हाला पहिले शब्द हवे आहेत.

म्हणजे 4 कोटी 80 लाखांचा दावा 60 लाखांवर आला, आणि या सगळ्यात 12 कोटींच्या कॅपला हातही लागला नाही. मागितलेली पूर्ण रक्कमसुद्धा तिच्या खालीच होती. फक्त कॅपवर सगळा जोर लावू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता हे पैसे कोण देणार? मसुद्यात चौघांना मिळून ‘सेलर्स’ म्हटलेलं असेल आणि जबाबदारी ‘संयुक्त आणि पृथक’ असेल. ते शब्द नसले तरी फरक पडत नाही, कारण करार कायद्याचं कलम 43 सांगतं की अनेकांनी मिळून वचन दिलं असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण वचन पुरं करून घेता येतं. तुमच्या आत्यांचा विचार करा. त्यांना 6 कोटी मिळणार. शेअर जुने, खरेदी किंमत नगण्य, म्हणजे जवळपास सगळी रक्कम दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. सध्याचा 12.5 टक्के दर, त्यावर 15 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर धरला तर साधारण 90 लाख करात जातील. हातात राहिले 5 कोटी 10 लाख. कंपनीत त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही, तो ईमेल काय होता हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तरीही खरेदीदार 4 कोटी 80 लाखांचा पूर्ण दावा एकट्या त्यांच्यावर लावू शकतो. नंतर त्यांनी भावांकडून वाटा वसूल करावा, एवढाच उपाय कायदा देतो. भावाविरुद्ध नोटीस पाठवायची वेळ बहिणीवर यावी, असा करार तुम्ही करू नये.

यावर दोन रचना आहेत. पहिल्यात प्रत्येक जण स्वतःच्या शेअरच्या मालकीबद्दल पूर्ण आणि एकटा जबाबदार राहतो, आणि व्यवसायाच्या वॉरंटींसाठी 52, 30, 10, 8 या प्रमाणातच. कोणाचीही एकूण जबाबदारी त्याला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपुढे जाणार नाही. दुसऱ्या रचनेत व्यवसायाच्या वॉरंटी फक्त वडील आणि काका देतात, कारण कंपनी तेच चालवतात, आणि आई आणि आत्या फक्त मालकी हक्काच्या वॉरंटी देतात. खरेदीदार म्हणेल की मग उरलेल्या 18 टक्क्यांचं काय? तेव्हा वडील आणि काका शंभर टक्के भार आपसांत वाटून घेतील आणि घरातल्या घरात एक छोटा करार वेगळा होईल. मला स्वतःला दुसरी रचना आवडते. आत्यांना समजावून सांगायला ती सोपी आहे, आणि जो माहिती देतो तोच तिची हमी देतो. खरेदीदाराची खरी अडचण चार जणांच्या मागे धावण्याची असते. नोटिसांसाठी एक प्रतिनिधी नेमला आणि पहिली वसुली एस्क्रोतून, म्हणजे किमतीतून तिऱ्हाइताकडे बाजूला ठेवलेल्या रकमेतून, ठेवली की ती बरीचशी मिटते.

फ्रॉडचं कलमही याच नजरेने वाचा. फ्रॉडला कॅप नसते, आणि ते योग्यच आहे, त्यावर वाद घालून विश्वास गमावू नका. पण मसुद्यात ‘फ्रॉड, चुकीची माहिती, घोर निष्काळजीपणा, जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन’ अशी रांग असते. ‘चुकीची माहिती’ त्यात राहिली तर प्रत्येक वॉरंटीभंग कॅपच्या बाहेर नेता येतो, कारण चुकलेली वॉरंटी म्हणजे चुकीची माहितीच. करार कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ती निरागसपणे दिलेली असली तरी चालते. म्हणून त्या रांगेतून फ्रॉडशिवाय सगळं काढा, फ्रॉडची व्याख्या ‘विक्रेत्याने स्वतः, खोटं आहे हे माहीत असताना, फसवण्याच्या हेतूने’ अशी लिहा, आणि एकाचा फ्रॉड दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही असं वाक्य घाला. ‘सेलर्स रिप्रेझेंट अँड वॉरंट’ यातलं ‘रिप्रेझेंट’ही काढून घ्या आणि क्लोजिंगनंतर करार रद्द करता येणार नाही, इंडेम्निटी हाच एकमेव उपाय राहील, हे स्पष्ट लिहा. तसं नसेल तर कॅप इंडेम्निटीवर बसते आणि साध्या भरपाईचा रस्ता मोकळा राहतो.

यापुढचं काम वकिलापेक्षा तुमच्या घरच्यांनी करायचं आहे. डिस्क्लोजर लेटर, म्हणजे वॉरंटींना असलेले अपवाद खरेदीदाराला कळवणारं पत्र, ही विक्रेत्याच्या हातातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम सुरक्षा आहे, आणि सहीच्या आदल्या रात्री घाईने लिहिली जाते तीही हीच. जी गोष्ट तिथे नीट सांगितली, तिच्याबद्दल वॉरंटीचा भंग होत नाही. ‘नीट’ या शब्दावर मात्र सगळं अवलंबून आहे. ‘ग्राहकांशी दरांबाबत वेळोवेळी चर्चा होत असते’ हे वाक्य लवादासमोर उभं राहणार नाही. त्याऐवजी असं लिहायला हवं होतं:

‘वॉरंटी 14.3: सर्वांत मोठ्या ग्राहकाने मार्चमधील ईमेलने पुढील ऑर्डरपासून दरात 3 टक्के कपात मागितली आहे. कंपनीने अद्याप उत्तर दिलेले नाही. मागणी मान्य झाल्यास सध्याच्या उलाढालीवर वार्षिक परिणाम सुमारे 60 लाख. ईमेलची प्रत डेटा रूम 7.2.4.’

कोण, काय, केव्हा, किती आणि कागद कुठे, एवढं त्यात आहे. हा परिच्छेद पत्रात असता तर दावा शून्य होता. खरेदीदार तेव्हाच किंमत कमी करायला म्हणाला असता, हे शक्य आहे. पण ती चर्चा टेबलावर झाली असती, शेअर हातात असताना, आणि नको वाटलं असतं तर तुम्हाला उठून जाता आलं असतं.

म्हणून 40 पानं वकिलाकडे सोडून देऊ नका. प्रत्येक विभागप्रमुखाला, म्हणजे अकाउंट्स, सेल्स, प्लांट, एचआर यांना, त्यांच्या वाट्याच्या वॉरंटी समजेल अशा भाषेत देऊन ‘याला अपवाद काय?’ असं विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. आपल्या उदाहरणातला ईमेल सेल्स मॅनेजरला विचारल्याशिवाय सापडलाच नसता. गोपनीयतेमुळे सगळ्यांना सांगता येत नसेल, तर निदान त्यांच्याकडची कागदपत्रं दुसऱ्या निमित्ताने मागवा.

याला जोडून तीन गोष्टी मागा. डेटा रूममधली, म्हणजे तपासणीसाठी खरेदीदाराला खुल्या केलेल्या कागदपत्रांमधली, सगळी माहिती सांगितलेली आहे असं धरावं, आणि तिची प्रत सहीच्या दिवशी पेन ड्राइव्हवर दोघांकडे राहावी. सही आणि क्लोजिंगच्या मधल्या काळात नवी माहिती पत्रात भरता यावी. आणि जे खरेदीदाराला आधीच माहीत होतं त्यावर त्याला दावा करता येऊ नये. पहिली मागणी अर्धीमुर्धी मिळते: ‘समजदार वाचकाला स्वरूप आणि व्याप्ती कळेल इतपत मांडलेली माहिती’ एवढ्यावर थांबावं लागतं. दुसरीत सहीनंतर घडलेल्या गोष्टींपुरतं मान्य होतं. तिसरीवर खूप झटापट होते. तिथे निदान इतकं पदरात पाडून घ्या की ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे खरेदीआधी खरेदीदाराने केलेल्या तपासणीच्या, अहवालात लिहिलेली गोष्ट खरेदीदाराला माहीत होती असं धरलं जाईल.

माहितीपुरत्या मर्यादित वॉरंटींमध्ये, म्हणजे ‘विक्रेत्याच्या माहितीनुसार’ अशी सुरुवात असलेल्या ठिकाणी, माहिती कोणाची ते नाव घालून लिहा. वडील आणि काका, बस. ‘चौकशी केली असती तर कळलं असतं’ ही पुरवणी आली की सेल्स मॅनेजरच्या इनबॉक्समधला ईमेलही वडिलांना माहीत होता असं धरलं जातं.

आता खास इंडेम्निटीचं परिशिष्ट. ड्यू डिलिजन्समध्ये सापडलेल्या गोष्टी इथे येतात, आणि इथे किमान रक्कम नाही, बास्केट नाही, डिस्क्लोजरचा उपयोग नाही. गोष्ट माहीत आहे म्हणूनच ती यादीत आहे. चाकणसारख्या ठिकाणच्या कंपनीत हमखास निघणारी नोंद म्हणजे पीएफ. सगळ्या कामगारांना सरसकट दिला जाणारा स्पेशल अलाउन्स मूळ वेतनात धरून पीएफ भरायला हवा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं, आणि अनेक कंपन्यांनी त्यानंतरही जुनीच पद्धत चालू ठेवली. समजा अहवालाने मागची थकबाकी, व्याज आणि दंड धरून 1 कोटी 40 लाखांची जोखीम काढली. मसुदा मात्र म्हणतो, ‘कामगार कायद्यांच्या कुठल्याही उल्लंघनातून किंवा त्यासंबंधाने होणारं सर्व नुकसान’. मुदत नाही, मर्यादा नाही. 1 कोटी 40 लाखांची ओळखीची जोखीम दाखवून संपूर्ण कामगार कायद्याची अमर्याद हमी घेतली जाते आहे, हे इथे लक्षात यायला हवं.

ही नोंद अशी आवळा. विषय: अमुक पीएफ कोडखालच्या कर्मचाऱ्यांच्या स्पेशल अलाउन्सवर न भरलेला पीएफ, एवढाच. काळ: क्लोजिंगच्या तारखेपर्यंतचा. रक्कम: 1 कोटी 60 लाखांपर्यंत, अहवालातल्या आकड्यावर थोडी ऐसपैस. मुदत: चार वर्षं. वगळायचं ते: खरेदीदाराने आपणहून पीएफ कार्यालयात जाऊन ओढवून घेतलेली मागणी आणि कायदा बदलल्याने वाढलेला बोजा. हा दुसरा अपवाद सध्या विशेष महत्त्वाचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्याच बदलली. त्यामुळे क्लोजिंगनंतर पगाररचना बदलायचा खर्च हा खरेदीदाराच्या धंद्याचा खर्च आहे, तुमच्या मागच्या चुकीचा नाही. दोन्ही एकत्र कालवले जाणार नाहीत याची काळजी मसुद्यातच घ्या.

पैसे केव्हा द्यायचे तेही इथेच ठरवा. मसुद्यात नोटीस आली की तीस दिवसांत रक्कम मागितलेली असेल. तुम्ही म्हणा, अंतिम आदेश झाल्यावर. मधल्या काळात अपिलासाठी काही रक्कम भरावी लागली तर ती आम्ही देऊ, जिंकलो तर ती परत आमची. प्रकरण चालवायचा अधिकारही, निदान वकील निवडणं आणि तडजोडीला संमती देणं एवढा तरी, विक्रेत्याकडे ठेवा. पैसे दुसऱ्याने भरायचे असतील तर जोमाने लढायचं कारण कंपनीच्या नव्या व्यवस्थापनाला उरत नाही.

परिशिष्टात जे ठोस खर्चाचं आहे ते इंडेम्निटीत ठेवूच नका. जमीन एमआयडीसीची असेल तर भागधारक बदलल्यावर फरकाच्या प्रीमियमची मागणी येऊ शकते. तो आकडा आधी काढून घ्या, कोण भरणार ते ठरवा आणि किमतीत वळता करा. आणि या सगळ्यावर एक छत घाला: बिझनेस वॉरंटी, कर, खास इंडेम्निटी आणि मालकी हक्क मिळून कुठल्याही परिस्थितीत एकूण देणं मिळालेल्या किमतीपेक्षा जास्त होणार नाही. खालच्या मर्यादा प्रत्येक प्रकाराच्या वेगळ्या, वर एकच.

मुदतीबद्दल भारतात एक खास अडचण आहे, आणि परदेशी नमुन्यावरून उचललेल्या मसुद्यांत तिचा विचार नसतो. करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 1997 पासून अशी तरतूद आहे की ठरावीक मुदत संपली की हक्क नष्ट होईल किंवा दुसरी बाजू जबाबदारीतून सुटेल, असं ठरवणारं कलम तेवढ्यापुरतं रद्दबातल आहे. आता ‘अठरा महिन्यांनंतर विक्रेत्याची सर्व जबाबदारी संपेल’ हे वाक्य पुन्हा वाचा. ते नेमकं या तरतुदीच्या तोंडी जातं. ते गळालं, तर तुम्ही लिमिटेशन कायद्याच्या तीन वर्षांवर येता, आणि इंडेम्निटीच्या बाबतीत ती तीन वर्षं केव्हा सुरू होतात हाच वाद उभा राहतो.

म्हणून मुदत कापण्याऐवजी वचनच मोजकं लिहा. विक्रेता फक्त अशा नुकसानीची भरपाई द्यायला बांधील आहे, ज्याची तपशीलवार लेखी नोटीस क्लोजिंगपासून अठरा महिन्यांच्या आत मिळाली आहे. बाकीच्या नुकसानीबद्दल वचन दिलेलंच नाही, त्यामुळे हक्क नष्ट होण्याचा प्रश्न येत नाही. वाद संपूर्णपणे मिटतो असं मी म्हणणार नाही, पण जमीन बरीच घट्ट होते. नोटिसीनंतर सहा महिन्यांत लवाद सुरू केला नाही तर दावा मागे घेतला असं धरावं, ही मागणीही विक्रेते करतात. या मागणीवर कलम 28 ची सावली जास्त गडद आहे, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. अठरा महिने मागायचे कारण, तेवढ्यात खरेदीदाराचं स्वतःचं एक पूर्ण ऑडिट होतं, आणि जे निघायचं ते त्यात निघतं. कराच्या वॉरंटींना आठ वर्षं मागितली असतील तर त्याऐवजी ‘त्या त्या कायद्यात नोटीस काढायची मुदत अधिक साठ दिवस’ असं ठेवा. जीएसटीत, 2024-25 पासूनच्या वर्षांसाठी, ती वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 42 महिने आहे.

राहिला एस्क्रो. 10 टक्के, म्हणजे 6 कोटी, अठरा महिने अडकवायला तयार व्हा, पण बदल्यात बिझनेस वॉरंटींची वसुली आधी तिथूनच होईल असं लिहून घ्या. याला कराचं एक कारण आहे. भांडवली नफ्यावरचा कर शेअर हस्तांतरणाच्या वर्षी भरला जातो. तीन वर्षांनी खिशातून 1 कोटी दिले, तर आधी भरलेला कर सहज परत मिळत नाही. याउलट एस्क्रोतून खरेदीदाराकडे गेलेली रक्कम विक्रेत्याला मिळालीच नाही, म्हणून ती विक्री किमतीतून वजा व्हायला हवी, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2022 च्या एका निकालात मान्य केलं आहे. त्यामुळे एस्क्रोतून जाणारा रुपया तुम्हाला रुपयापेक्षा कमी पडतो. करारात ‘इंडेम्निटीची प्रत्येक रक्कम ही किमतीतली घट समजावी’ हे वाक्यही असू द्या, आणि तुमच्या सीएंना हा निकाल आवर्जून दाखवा. एस्क्रो अडवायला नुसती नोटीस पुरेशी नसावी. दाव्याची रक्कम आणि तिचा आधार लिहिलेला असावा, आणि अडवायची तेवढीच रक्कम, बाकीची ठरल्या दिवशी सुटली पाहिजे. परदेशी खरेदीदार असता तर फेमा या परकीय चलन कायद्याच्या 2019 च्या नियमांतली 25 टक्के आणि अठरा महिन्यांची मर्यादाही टेबलावर आणता आली असती. तुमच्या व्यवहारात तो आधार नाही.

वाटाघाटीचा क्रम मी असा ठेवेन. मालकी हक्काच्या वॉरंटींना शंभर टक्के आणि लांब मुदत पहिल्याच फेरीत द्या. शेअर तुमचेच आहेत, तिथे धोका जवळपास नाही, आणि खरेदीदाराला त्याचं मोल मोठं आहे. त्या बदल्यात जबाबदारीची वाटणी आणि लॉसची व्याख्या मागा. दुसऱ्या फेरीत परिशिष्ट एकेक ओळ घेऊन आवळा. कॅप शेवटी घ्या. 20 वर अडलं आणि 25 वर मिटलं तरी, वर दाखवलेल्या दाव्यात तुमचं देणं 60 लाखच राहतं. टर्म शीटमध्ये ‘बाजारातल्या रूढ इंडेम्निटी’ एवढेच शब्द असतील, तर तेच तुमच्या उपयोगाचे आहेत, कारण अमर्याद इंडेम्निटी कुठल्याच अर्थाने रूढ नाही.

आणखी एक, वडिलांच्या वयामुळे सांगतो. करार कायद्याच्या कलम 37 प्रमाणे वचन देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ते त्याच्या वारसांवर बंधनकारक राहतं, जोवर करारात वेगळं काही नसेल. म्हणून तसं वेगळं लिहून घ्या: वारसांची जबाबदारी एस्क्रोत उरलेल्या रकमेपुरतीच. आणि दाव्याला उत्तर द्यायला लागणारे जुने हिशेब, पीएफची चलनं, पत्रव्यवहार हे सगळं क्लोजिंगनंतर कंपनीच्या, म्हणजे खरेदीदाराच्या ताब्यात असेल. ते आठ वर्षं जपून ठेवायचं आणि मागितल्यावर दहा दिवसांत दाखवायचं बंधन त्याच्यावर घाला. तसं केलं नाही तर त्या दाव्यापुरती तुमची जबाबदारी त्या प्रमाणात कमी होईल, हेही त्याच कलमात येऊ द्या.